मुद्दल तीस हजार, त्यापुढे एक रुपयाही नाही

*ताई, मी ३६ वर्षांचा, नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. हातात ७२ हजार येतात. घराचा हप्ता २१ हजार, अजून चौदा वर्षं आहेत. मुलगी दुसरीत. बँकेत ३ लाखांची एफडी, म्युच्युअल फंडात ६ लाख ४० हजार, दरमहा ८ हजारांची एसआयपी, पीएफमध्ये सुमारे ७ लाख. बायकोचा पगार घरखर्चात आणि शाळेत जातो. सगळं भागून महिन्याला पाचेक हजार उरतात. कंपनीतला मित्र म्हणतो, एफडी मोड, २ लाख क्रिप्टोत टाक, दहा-बारा कॉइन घे, एक जरी लागलं तरी सगळं वसूल. बायको पतसंस्थेत कामाला आहे. ती म्हणते, ज्याच्यामागे जामीनदार नाही तिथे पैसे कशाला? मला दोघांचंही पटतं. थोडे पैसे घालावेत का? घातले तर किती, आणि बुडालेच तर किती बुडू द्यायचे?*
— एक वाचक, नाशिक

एफडी मोडू नका. बाकीचं सगळं त्यानंतर.

तुमच्या पगारातून एसआयपी आणि शिल्लक वजा केली तर महिन्याला ५९ हजार घरात जातात. त्या हिशेबाने ३ लाख म्हणजे जेमतेम पाच महिन्यांचं घर. कारखान्यातल्या ऑर्डरी आटल्या, एक पाळी बंद झाली, किंवा घरात कुणाचं ऑपरेशन निघालं, तर बँकेचा हप्ता थांबत नाही. तेव्हा उपयोगी पडेल असा तुमच्याकडे तेवढा एकच पैसा आहे. पीएफ निवृत्तीसाठी राखलेला पैसा आहे, आणि म्युच्युअल फंड नेमके अशाच दिवसांत पडलेले असतात. २०२० च्या जानेवारी ते मार्चमध्ये निफ्टी जवळपास ३८ टक्के खाली आला होता. नोकऱ्या जाण्याची भीतीही त्याच महिन्यांत होती. त्यामुळे एफडी हा क्रिप्टोसाठीचा पैसाच नाही.

आता वहिनींचा प्रश्न. तो फार मोलाचा आहे, कारण पतसंस्थेत बसणाऱ्या माणसाला जामीनदार म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं कवच असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं, हे वहिनींना रोज माहीत असतं, म्हणूनच त्या हा प्रश्न विचारतात. शेअर आणि म्युच्युअल फंडांवर सेबी आहे, तक्रार करायला जागा आहे. क्रिप्टोच्या बाबतीत यातलं काहीच नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ते परिपत्रक रद्द केलं. पुढे २०२२ पासून सरकारने नफ्यावर कर लावला आणि २०२३ पासून एक्सचेंजना, म्हणजे क्रिप्टो घेण्या-विकण्याची सोय देणाऱ्या ॲप-कंपन्यांना, मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणलं. त्यामुळे घेणं-विकणं गुन्हा नाही, पण तुमच्या पैशाची हमीही कुणी घेतलेली नाही. सरकार कर घेतं म्हणजे सरकार पाठीशी आहे, असा अर्थ कृपा करून काढू नका.

जामीनदाराइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची. शेअरच्या मागे कंपनीचा नफा असतो, घराला भाडं येतं, एफडीला व्याज लागतं. बिटकॉइन मात्र पडून राहिलं तर काहीच देत नाही. एकूण २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त बिटकॉइन कधी निघणार नाहीत, हे खरं. पण संख्या मर्यादित आहे एवढ्याने किंमत ठरत नाही. उद्या घेणारा आजच्यापेक्षा जास्त द्यायला तयार असेल तरच भाव चढतो. त्यामुळे मुलीचं शिक्षण, तुमची निवृत्ती, घराचं कर्ज लवकर फेडणं, यांपैकी कशाच्याही हिशेबात ते धरता येत नाही. तारीख असलेल्या गरजेसाठी तारीख नसलेली वस्तू चालत नाही.

मग त्याला जागा कुठे? माझ्या मते एकच. तातडीचा पैसा बाजूला आहे, टर्म इन्शुरन्स आणि मेडिक्लेम आहेत, एसआयपी चालू आहे, आणि एवढं करून जे उरतं त्यातला एक छोटा भाग. त्यातून शून्य मिळालं तरी घरातला एकही बेत हलणार नाही, आणि कधी पाच-सहा पट झाले तर बरंच होईल. तुमच्या पत्रात विम्याचा उल्लेखच नाही. हप्ता अजून चौदा वर्षांचा आहे आणि मुलगी दुसरीत आहे, तर टर्म इन्शुरन्स नसेल तर ते पाच हजार आधी तिकडे जाऊ देत आणि हे पत्र वर्षभर बाजूला ठेवा. असेल तर पुढे वाचा. आणि तुम्ही काहीच घेतलं नाही, तरी तुमचं काही चुकलेलं नसेल. हेही पुरतं योग्य उत्तर आहे.

किती घ्यायचं हे ठरवण्याआधी किती पडतं ते बघा. डिसेंबर २०१७ मध्ये बिटकॉइन २० हजार डॉलरच्या जवळ गेलं होतं, वर्षभरात ते ३,२०० च्या आसपास आलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजारांच्या घरात होतं, पुढच्या नोव्हेंबरात १६ हजारांच्याही खाली गेलं. म्हणजे शिखरावर घेतलेल्या १०० रुपयांचे एकदा १६ उरले, एकदा २३. दोन्ही वेळा भाव परत वर आला, पहिल्यांदा सुमारे तीन वर्षांनी, दुसऱ्यांदा सव्वादोन वर्षांनी. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो सव्वा लाख डॉलरच्या पुढेही गेला. पण हे बिटकॉइनचं झालं. लूना नावाचं कॉइन एप्रिल २०२२ मध्ये जगातल्या मोठ्या कॉइनमध्ये मोजलं जात होतं. मे महिन्याच्या सुरुवातीला त्याचा भाव ८० डॉलरच्या आसपास होता. दहा-बारा दिवसांत तो एका सेंटच्याही कितीतरी खाली गेला आणि परत आला नाही. म्हणून हिशेब करताना ८० टक्के पडझड नेहमीची धरायची आणि पूर्ण बुडणं शक्य कोटीतलं.

आता तुमचा आकडा. मी तो दोन बाजूंनी काढते आणि त्यातला लहान घेते. पहिली बाजू जमवलेल्या पैशाची. एफडी वगळून तुमच्याकडे फंड आणि पीएफ मिळून १३ लाख ४० हजार आहेत. त्याचे ३ टक्के म्हणजे ४० हजार. हे सगळे गेले तरी तुमची लांब पल्ल्याची जमा ३ टक्क्यांनीच कमी होते. बाजाराच्या एका वाईट आठवड्यात तुमचे फंडही तेवढे पडतात आणि तुम्ही झोपता. दुसरी बाजू भरून काढण्याची. महिन्याला पाच हजार उरतात. सहा महिन्यांत भरून निघेल एवढाच खड्डा पडू द्यायचा, असं मी धरते. कारण त्यापेक्षा लांबलेली भरपाई माणसाला सहन होत नाही. तो मग "एकदाच मोठी रक्कम टाकून वसूल करू" या वाटेला लागतो. सहा महिने म्हणजे ३० हजार. ४० आणि ३० मध्ये लहान ३०, म्हणून तुमची मर्यादा ३० हजार. २ लाख नव्हेत.

ही मर्यादा आत घातलेल्या पैशाची आहे, आणि ती कायमची आहे. दर वर्षाची नाही. बहुतेक लोक इथेच फसतात. ते म्हणतात, "माझं ३ टक्के ठरलेलं आहे." भाव ८० टक्के पडतो, त्यांच्या ३० हजारांचे ६ हजार होतात, आणि मग टक्का कमी झाला म्हणून आणखी २४ हजार घालतात. परत पडतो, परत घालतात. कागदावर ३ टक्के कधीच ओलांडलेले नसतात, आणि खिशातून लाख गेलेले असतात. फंडात पडल्यावर थोडं जास्त घालण्याला अर्थ असतो, कारण शेकडो कंपन्या एकदम बंद पडत नाहीत. इथे ती खात्री नाही. म्हणून टक्केवारी फक्त सुरुवातीला एकदा वापरायची, आणि त्यानंतर रुपयांतला आकडा भिंतीवर खिळा ठोकावा तसा पक्का करायचा.

पैसे घालताना दरमहा ३ हजार, दहा महिने. हे उरणाऱ्या पाच हजारांतून, एसआयपीतून नाही. हप्त्याहप्त्याने घेतल्याने भाव स्वस्त पडेलच असं नाही. मला त्यात दुसरंच आवडतं. चौथ्या महिन्यात तुम्हाला कळेल की तुम्ही दिवसातून वीस वेळा मोबाइल बघताय, पाळीच्या मध्येही बघताय. तसं झालं तर १२ हजारांवर थांबता येतं. ते कळायला ३० हजार एकदम घालायची गरज नाही.

आता मित्राचा दहा-बारा कॉइनचा सल्ला. वाटून ठेवलं की धोका कमी होतो, हे शेअरमध्ये खरं. आपल्याकडे क्रिप्टोत मात्र करामुळे ते उलटं पडतं, आणि हे फार थोडे लोक कागदावर मांडून बघतात. २०२२ पासून अशा नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. तुमचा पगार १२ लाखांच्या आत असल्याने नव्या करप्रणालीत सूट मिळून पगारावर कर शून्य येत असेल, पण ती सूट या नफ्याला लागत नाही. आणि खरी मेख पुढे आहे. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पगारातूनही नाही, पुढच्या वर्षावरही ढकलता येत नाही.

समजा तुम्ही ३० हजारांतून दोन कॉइन घेतले, प्रत्येकी १५ हजारांचे. एकाचे ३५ हजार झाले, विकलं, नफा २० हजार. दुसऱ्याचे ३ हजार उरले, कंटाळून विकलं, तोटा १२ हजार. शेअर असते तर कराच्या हिशेबात नफा ८ हजारांचा धरला गेला असता. इथे कर पूर्ण २० हजारांवर लागतो, ६,२४० रुपये. तुमच्या हातात वाढीव राहतात १,७६०. दोनातलं एक कॉइन दुपटीहून वर गेलं, मित्राच्या भाषेत "लागलं", आणि तरी एवढंच. दहा-बारा कॉइनमध्ये बहुतेक तोट्यात आणि एखादं नफ्यात हेच नेहमीचं चित्र असतं. तिथे एकूण व्यवहार तोट्याचा आणि वर कर भरायचा, असंही होतं. म्हणून घ्यायचंच असेल तर एकच घ्या, बिटकॉइन, आणि वारंवार घेऊ-विकू नका. एक कॉइन देऊन दुसरं घेणं हीसुद्धा कायद्याने विक्रीच आहे, रुपये हातात आले नाहीत तरी.

विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएसही कापला जातो. तो नफ्यावर नसतो, संपूर्ण विक्रीवर असतो. रिटर्न भरताना जमा मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. सतत उलाढाल करणाऱ्याने एकच रक्कम वर्षात पन्नास वेळा फिरवली तर मूळ रकमेतले जवळपास ४० टक्के टीडीएसमध्ये जाऊन बसतात. तुम्ही वर्षात एखादी विक्री केलीत तर त्रास नाही. फक्त त्या वर्षी नेहमीचा आयटीआर-१ चालणार नाही. आयटीआर-२ मधल्या व्हीडीएच्या, म्हणजे आभासी डिजिटल मालमत्तेच्या, तक्त्यात घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, किंमत असं सगळं भरावं लागतं. म्हणून दर महिन्याच्या खरेदीची पावती एका फोल्डरमध्ये ठेवत चला. तीन वर्षांनी ॲप उघडेल आणि जुनी माहिती सापडेल, या भरवशावर राहू नका.

भावाच्या पडझडीला ३० हजारांची मर्यादा पुरते. पण तोटा दुसऱ्या दारानेही येतो, आणि ते दार म्हणजे पैसे ठेवण्याची जागा. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या आपल्याकडच्या मोठ्या एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. ग्राहकांच्या ठेवीतला जवळपास ४५ टक्के भाग होता तो. चोरी झाली ती इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टोच्या जाळ्यावरच्या एका वॉलेटमधून, पण क्रिप्टो काढणं सगळ्यांचंच बंद झालं, ज्यांच्याकडे फक्त बिटकॉइन होतं त्यांचंही. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेलं, आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. चोरी झाली त्या आठवड्यात बिटकॉइन ६५ हजार डॉलरच्या आसपास होतं, त्याच डिसेंबरात ते एक लाखाच्या वर गेलं. माणसाचा अंदाज बरोबर ठरला, भाव वाढला, आणि विकता आलं नाही. हा धोका भावाच्या आलेखात दिसत नाही.

यावर उपाय म्हणून लोक हार्डवेअर वॉलेट सुचवतात, म्हणजे पेनड्राइव्हसारखं छोटं यंत्र, ज्यात तुमच्या बिटकॉइनची किल्ली तुमच्याच ताब्यात राहते. ते चांगलं आहे, पण चांगलं यंत्र काही हजारांना पडतं, आणि ३० हजारांच्या रकमेसाठी एवढा खर्च मला पटत नाही. शिवाय त्यासोबत मिळणारे १२ किंवा २४ शब्द हरवले तर बिटकॉइन कायमचं गेलं, आणि कुणी वाचले तर चोरीला गेलं. त्या शब्दांचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवणारी माणसं मला भेटली आहेत. त्यापेक्षा यंत्र नसलेलं बरं. रक्कम पुढेमागे लाखाच्या वर गेली तर तेव्हा तो विचार करा. तोपर्यंत एफआययूकडे, म्हणजे संशयास्पद व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे, नोंदणी असलेल्या भारतीय एक्सचेंजवर ठेवा, आणि ते पूर्ण बुडू शकतं हे मर्यादेत आधीच धरलेलं आहे, हे लक्षात असू द्या. फक्त एक बघा, त्या एक्सचेंजवरून बिटकॉइन बाहेर स्वतःच्या वॉलेटमध्ये पाठवता येतं का. जिथे ते मुळीच करू देत नाहीत, तिथे तुमच्याकडे स्क्रीनवरचा आकडा आहे, बाकी काही नाही.

तिसरं दार मी माझ्या मावसभावाच्या घरी उघडलेलं पाहिलं आहे. त्याने ॲपवर अनोळखी माणसाला थेट कॉइन विकलं, ज्याला पीटूपी म्हणतात. टीडीएस वाचतो आणि भाव दोन रुपये जास्त मिळतो म्हणून. ४० हजार त्याच्या पगाराच्या खात्यात आले. तीन आठवड्यांनी एटीएममधून पैसे निघेनात. बँकेत गेला तर कळलं की दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या सूचनेवरून खातं गोठवलं आहे, कारण ते ४० हजार कुणालातरी ऑनलाइन फसवून मिळवलेल्या पैशातले होते. त्याने फसवलं नव्हतं, पण साखळीत त्याचं खातं आलं होतं. त्या महिन्यात घराचा हप्ता परत गेला, दंड लागला, मुलाची फी त्याच्या बायकोने माहेरहून आणून भरली. खातं मोकळं व्हायला चार महिने आणि परराज्यात दोन फेऱ्या लागल्या. त्याने क्रिप्टोत घातलेली रक्कम छोटी होती, आणि अडकला मात्र सगळा संसार. म्हणून पीटूपी नकोच, कितीही भाव मिळो. आणि एक्सचेंजला जोडायचं खातं पगाराचं आणि हप्त्याचं नसावं. दुसऱ्या बँकेत बचत खातं उघडा, त्यात किमान शिल्लक सोडून फार ठेवू नका. पैसा तिकडून जाईल, तिकडेच येईल.

उधारीवरचे व्यवहार, म्हणजे ३ हजार भरून ३० हजारांचा सौदा करायचा, ते ॲपमध्ये पहिल्याच पानावर ठळक दिसतील. दहा पटीच्या सौद्यात भाव १० टक्के उलटा गेला की भरलेले पैसे गेले. बिटकॉइनला १० टक्के हलायला कधी कधी एक दिवसही पुरतो. त्या पानाला हात लावू नका.

आणि कुणी दरमहा ठरावीक परताव्याचं वचन दिलं तर तिथेच उठा. पुण्यात २०१८ मध्ये गेनबिटकॉइनचे गुन्हे नोंदले गेले. त्या योजनेत दरमहा १० टक्के, अठरा महिने, असं आश्वासन होतं. लोकांनी बिटकॉइन दिले आणि पुढे ते मिळाले नाहीत. नातेवाईक, सहकारी, सोसायटीतले शेजारी असेच एकमेकांना घेऊन गेले होते. तुमचा मित्र असं करतोय असं मी म्हणत नाही. पण त्याने कुठल्या ग्रुपची लिंक पाठवली तर त्यात परताव्याचा आकडा आहे का, एवढं आधी बघा.

आता नफ्याची बाजू, कारण तिथेही मर्यादा लागते. न ठरवता ठेवलं तर वाढलेला पैसा माणूस आपलाच समजतो, आणि तो गेला की मुद्दल गेल्याइतकाच हळहळतो. माझा सुचवलेला नियम असा, ३० हजारांचे ९० हजार झाले की त्या आठवड्यात मुद्दल काढून घ्यायची. त्यासाठी ३० हजारांची विक्री पुरत नाही, कर आहे. साधारण ३८ हजारांचं विकावं लागेल. त्यात तुमची खरेदी सुमारे १२,७०० ची, नफा २५,३०० च्या आसपास, त्यावर कर ७,९०० च्या घरात, आणि हातात ३० हजार. एक्सचेंज ३८० रुपये टीडीएस कापेल, उरलेला कर तुम्हाला भरावा लागेल, म्हणून आठेक हजार त्याच दुसऱ्या खात्यात बाजूला ठेवा. खर्च करून बसू नका. फीमधले थोडे रुपये इकडेतिकडे होतील. यानंतर ५२ हजारांचं बिटकॉइन उरतं, आणि त्यात तुमच्या पगारातला रुपया एकही नसतो. परत आलेले ३० हजार एसआयपीच्या फंडात टाका. मर्यादा पुन्हा मोकळी झाली असं धरून तेच पैसे परत आत घालू नका.

आणि उलट झालं, ३० हजारांचे ६ हजार उरले तर? शेअरमध्ये तोट्यात विकून कर वाचवता येतो, इथे तो फायदा नाही, त्यामुळे घाईने विकण्याचं कारण नाही. पैसा गेला असं धरून तसंच राहू द्या. फक्त वर घालू नका. ॲपमधल्या भावाच्या सूचना बंद करा, त्या तुम्हाला पुन्हा आत ओढण्यासाठीच असतात.

हे सगळं एका कागदावर चार ओळींत लिहा. एकूण ३० हजार, एकच कॉइन, तिप्पट झालं की मुद्दल बाहेर, पडलं तर भर घालायची नाही. खाली तुमची आणि वहिनींची सही. त्यांना जामीनदार हवा होता, तर या कागदापुरत्या त्याच जामीनदार होऊ देत. आकडा वाढवायचा झाला तर त्यांच्या सहीशिवाय वाढणार नाही, एवढं ठरवा. एक्सचेंजचं नाव, कोणतं खातं जोडलं आहे, कोणता ईमेल आणि कोणता मोबाइल नंबर, हेही त्याच कागदावर लिहा आणि तो विम्याच्या फाइलमध्ये ठेवा. नॉमिनी नोंदवायची सोय असेल तर पहिल्याच दिवशी वहिनींचं नाव घाला. बँकेकडे वारसाने जायची रीत ठरलेली आहे, इथे ती एक्सचेंजगणिक वेगळी आहे, आणि घरात कुणाला माहीतच नसेल तर विचारणार कोण?

पहिल्या महिन्यात ३ हजारांचं घेऊ नका. ५०० रुपयांचं घ्या, दुसऱ्या दिवशी विका, आणि ते पैसे नव्या खात्यात परत आणा. घेताना आणि विकताना भावात किती फरक होता, फी आणि त्यावरचा जीएसटी किती लागला, टीडीएस कापला तर तो तुमच्या पॅनवर प्राप्तिकराच्या पोर्टलवर पुढे दिसतो का, हे तपासा. पाचशेतले दहा-वीस रुपये जातील. पैसे खात्यात यायला आठवडा लागला, किंवा विकताना काही ना काही कारण सांगून अडवलं, तर उरलेले २९ हजार ५०० तिकडे पाठवू नका. खातं बंद करा आणि मला कळवा.